पीएफमध्ये BHOSALE, बँकेत BHOSLE: बाबांचे पैसे स्पेलिंगमध्ये अडकलेत

ऐरोलीकर_नितीन (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बाबा गेल्या महिन्यात ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. आता पीएफ काढायला बसलोय तर पोर्टलवर बँक खातंच चढत नाही. खाते नंबर टाकला, आयएफएससी टाकला, आधारचा ओटीपी दिला. तीन दिवसांनी बघतो तर रिजेक्ट. कारण काय, तर नाव जुळत नाही.

मग कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढून सगळे कागद पलंगावर मांडले. खरं नाव इथे देत नाही, पण घोळ जसाच्या तसा ठेवून दुसऱ्या नावाने लिहितो:

```
आधार : DNYANESHWAR VITHOBA BHOSALE
पीएफ  : DNYANESHWAR VITHOBA BHOSALE
पॅन   : BHOSLE DNYANESHWAR VITHOBA
बँक   : DYANESHWAR V BHOSLE
```

बाबा म्हणतात, "अरे याच खात्यात वीस वर्षं पगार आला, तेव्हा कुणी विचारलं नाही." मलाही ते कळत नाहीये.

माझा विचार असा: पॅन आणि बँक दोन्हीकडे BHOSLE आहे, तर आधार बदलून BHOSLE करून टाकावं. सेक्टरमध्येच आधार केंद्र आहे, उद्या सकाळी बाबांना घेऊन जातो. बरोबर ना?

---

खोडसाळ_बोक्या (सोमवार, रात्री १०:५२)

चार कागद आणि चार ज्ञानेश्वर. मतदार यादीतलं अजून काढलं नाहीत वाटतं, तिथे पाचवा सापडेल.

---

वागळे_इस्टेटचा_राजा (सोमवार, रात्री ११:०५)

नितीनभाऊ, एवढं टेन्शन घेऊ नका. नोटरीकडे जायचं, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं की ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत. कोर्टाच्या बाहेर तासाभरात होतं. माझ्या मामांचं वारसाचं काम असंच झालं. प्रतिज्ञापत्र असलं की कुणी अडवू शकत नाही.

---

कोपरीचा_कारकून (मंगळवार, सकाळी ६:२०)

नितीन, तुम्ही अजून आधार केंद्रावर गेला नसाल अशी आशा आहे. जाऊ नका.

एकतीस वर्षं बँकेत होतो, शेवटची सहा केवायसीच्या टेबलावर. लोक इथेच चुकतात. कोणतं स्पेलिंग किती कागदांवर आहे ते मोजतात आणि बहुमताने निकाल लावतात. ही निवडणूक नाही. कोणता कागद कुणाशी ताडून बघितला जातो, ते आधी बघायचं.

तुमच्याकडे पीएफ आणि आधार अक्षर न् अक्षर जुळतंय. हे तुमचं नशीब आहे, त्याला हात लावू नका. पीएफवाले सभासदाचं नाव आधारशी ताडतात. उद्या आधारवर BHOSLE केलंत की पीएफ आणि आधार यांची जोडी फुटली. मग पीएफच्या नोंदीत नाव बदलायला कंपनीच्या मागे फिरा. शिवाय आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी चुकीच्या दिशेने जाईल.

तुमच्याकडे चुकलेला कागद बँकेचा आहे. तो दुरुस्त करा.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. पगार का येत होता? कारण एनईएफटीने पैसे टाकताना बँक फक्त खाते नंबरवर जमा करते. पाठवणाऱ्याने नावाच्या जागी "बाबा" लिहिलं तरी पैसे येतात. नाव त्या वाटेवर तपासलंच जात नव्हतं. पीएफचं तसं नाही. ते पैसे पाठवायच्या आधी बँकेला विचारतात की हा नंबर कुणाच्या नावाचा, आणि आलेलं उत्तर आपल्या नोंदीशी जुळवतात. म्हणून वीस वर्षं लपलेली चूक एका दिवसात वर आली.

राजा, तुमचं प्रतिज्ञापत्र माणसाच्या टेबलावर चालतं. वारसाचं काम माणूस वाचून करतो. इथे वाचणारं यंत्र आहे, त्याला नोटरीचा शिक्का दिसत नाही. बँकेत नाव सुधारताना एखादा अधिकारी जोडीला प्रतिज्ञापत्र मागेल, तेव्हा करा. नुसतं तेच घेऊन पोर्टलवर काही हलणार नाही.

---

वागळे_इस्टेटचा_राजा (मंगळवार, सकाळी ९:१५)

काका मान्य, पण मामांचं झालं होतं हो. असो. पण मग पॅनचं काय? पॅन जुळत नसेल तर पीएफवर २० टक्के कापतात. तेवढं तरी बरोबर सांगतोय की नाही मी?

---

पगारपत्रक (मंगळवार, सकाळी ९:४०)

अर्धं बरोबर. तुर्भ्याला एका कंपनीत पगार आणि पीएफ मीच बघते, म्हणून सांगते. पॅन नसेल तर २० टक्के कापतात हे खरं, पण ते पाच वर्षांच्या आत नोकरी सोडून ५० हजार किंवा जास्त काढणाऱ्यांसाठी. नितीनदादांच्या बाबांची सत्तावीस वर्षं झालीत. त्यांच्या पीएफवर टीडीएस नाही.

कोपरीच्या काकांच्या मुद्द्याला माझी जोड. यूएएन, म्हणजे पीएफचा सभासद क्रमांक, १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळाला असेल आणि आधारने पडताळलेला असेल, तर सभासद स्वतःच पोर्टलवर नाव वगैरे सुधारू शकतो. जानेवारी २०२५ पासून ही सोय आहे. पण जुन्या कामगारांचे यूएएन २०१४-१५ चे असतात. त्यांना जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे पोर्टलवर अर्ज करायचा आणि कंपनीने तो मंजूर करायचा. कंपनी चालू असेल तर ठीक. आमच्या पट्ट्यात किती कारखाने बंद झाले ते तुम्हाला माहीतच आहे. बंद कंपनीच्या माणसाला कागदी फॉर्म भरून, अधिकृत माणसाकडून साक्षांकित करून पीएफ ऑफिसात द्यावा लागतो. म्हणून जिथे पीएफचं नाव आधारशी आधीच जुळतंय तिथे देवाचे आभार माना.

बँक खात्याच्या बाबतीत मात्र आता कंपनीची मंजुरी लागत नाही, आणि चेक किंवा पासबुकाचा फोटोही चढवावा लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही काढलं. त्यामुळे बँकेतलं नाव सुधारलंत की `Manage` मधल्या `KYC` मध्ये जाऊन पुन्हा तेच खातं टाका, बस्स.

आणि हो, बाबांच्या नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकलीय का? `Service History` मध्ये बघा. ती नसेल तर नाव जुळूनही पीएफ काढायचा फॉर्म १९ उघडणार नाही.

---

सुलभा_घणसोली (मंगळवार, दुपारी २:१०)

माझ्या धाकट्या जावेचे लाडकी बहिणीचे पैसे दोन हप्ते आले नाहीत. तिच्या आधारवर SUNANDA आहे आणि पासबुकावर SUNANDABAI. हाच प्रॉब्लेम असणार. तिने पण बँकेत नाव बदलायला टाकावं का?

---

कोपरीचा_कारकून (मंगळवार, दुपारी ४:३०)

सुलभाताई, बहुधा नाही. ते पैसे खाते नंबरवर जात नाहीत, आधार नंबरवर जातात. एनपीसीआयकडे एक यादी असते, कोणता आधार कोणत्या बँकेला जोडलाय त्याची. ज्या बँकेला शेवटचा जोडला, तिकडे पैसे जातात. जावेने मध्ये कुठे दुसरं खातं उघडलं का? पेमेंट बँकेचं, किंवा मोबाइल दुकानात अंगठा लावून? पैसे तिकडे पडले असतील. myAadhaar वर `Bank Seeding Status` बघा, बँकेचं नाव दिसेल.

BAI पुढेमागे काढून घ्यावं, पण हप्ते त्यामुळे अडले नसावेत.

---

सुलभा_घणसोली (मंगळवार, रात्री ८:४५)

अगंबाई! पोस्टातलं खातं निघालं. दोन्ही हप्ते तिथे आहेत. तिला आठवतच नव्हतं, अंगणवाडीत शिबिर होतं तेव्हा उघडलेलं. धन्यवाद काका.

---

मीनल_कळवा (बुधवार, सकाळी ११:००)

माझं जरा वेगळं आहे, पण इथेच विचारते. लग्नानंतर आडनाव बदललं, आणि आमच्याकडे पद्धत म्हणून पहिलं नावही बदललं. आधार नव्या नावाने, बँक जुन्या नावाने. बँकेत विवाह नोंदणी दाखला नेला तर म्हणाले यावर तुमचं नवं नाव कुठेच नाही. खरंच नाहीये! दाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे. मग आता?

---

कोपरीचा_कारकून (बुधवार, दुपारी १:१५)

ताई, बँक चुकत नाहीये. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात असं आहे की नाव बदललं तर जुन्या नावाचा ओळखपत्राचा कागदही चालतो, पण सोबत राज्य शासनाचा विवाह दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हवी. आडनाव बदललं तर विवाह दाखल्यावरून समजतं, नवऱ्याचं आडनाव तिथे असतंच. पहिलं नाव मात्र लग्नात तांदळात लिहून बदललेलं असतं. ते तांदूळ कुठल्या कागदावर उमटत नाहीत. तुम्हाला राजपत्र करावं लागेल. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण संचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन होतो.

एक विचारतो, पॅन कोणत्या नावाने आहे? नोकरी, पदवी सगळं माहेरच्या नावाने असेल तर आधार परत मागे नेणंही एक वाट आहे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही.

---

मीनल_कळवा (बुधवार, दुपारी १:४०)

पॅन, डिग्री, पीएफ सगळं माहेरच्या नावाने. फक्त आधार आणि रेशनकार्ड नवं. सासूबाईंशी बोलावं लागेल. हा फॉर्म भरणं बँकेपेक्षा अवघड आहे.

---

ऐरोलीकर_नितीन (शुक्रवार, रात्री ९:३०)

अपडेट. आधार केंद्राला गेलो नाही. काकांनी सहा वाजता लिहिलं आणि मी आठला निघणार होतो, थोडक्यात वाचलो.

बुधवारी बाबांना घेऊन बँकेत गेलो. नाव दुरुस्तीचा फॉर्म, आधारची प्रत, मूळ आधार, फोटो. काउंटरवरच्या मुलीने अंगठा घेऊन आधार पडताळलं. म्हणाली दोन दिवसांत होईल. आज पासबुक भरून आणलं, पहिल्या पानावर छान छापून आलंय: DNYANESHWAR VITHOBA BHOSALE. बाबांनी सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलं. सोडल्याची तारीखही `Service History` मध्ये दिसतेय. पोर्टलवर खातं पुन्हा टाकलंय. आता वाट बघतो.

---

ऐरोलीकर_नितीन (पुढचा बुधवार, सकाळी १०:०५)

परत रिजेक्ट!! तेच कारण. पासबुकावर बरोबर नाव आहे, मग हे कुठून जुनं नाव वाचतायत? बाबा चिडलेत, मी पण.

---

खोडसाळ_बोक्या (बुधवार, सकाळी १०:१२)

कुठून तरी DYANESHWAR अजून पगार घेतोय.

---

कोपरीचा_कारकून (बुधवार, सकाळी ११:५०)

बोक्या गमतीत म्हणाला, पण तसंच काहीसं झालं असणार.

बँकेच्या सिस्टममध्ये नाव दोन ठिकाणी असतं. एक ग्राहकाची नोंद, म्हणजे तुम्ही माणूस म्हणून कोण. दुसरं खात्याचं शीर्षक, म्हणजे ते खातं कोणत्या नावाने उघडलंय. अनेक बँकांत ग्राहकाची नोंद सुधारली तरी खात्याचं शीर्षक आपोआप बदलत नाही, त्यासाठी वेगळा मेनू असतो. काउंटरवरची व्यक्ती नवी असेल तर एक करते आणि दुसरं राहतं. पासबुकाचं पहिलं पान ग्राहकाच्या नोंदीतून छापलं गेलं असावं. बाहेरून विचारणाऱ्याला मात्र खात्याचं शीर्षक सांगितलं जातं.

अंदाजावर राहू नका, तपासायचा उपाय आहे. १ एप्रिल २०२५ पासून सगळ्या बँकांना ही सोय द्यावी लागते: एनईएफटी किंवा आरटीजीएससाठी नवा लाभार्थी जोडताना खाते नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर दिसतं. दुसऱ्या बँकेत ज्याचं खातं आहे अशा कुणाला तरी सांगा, बाबांचं खातं लाभार्थी म्हणून जोडून बघायला. पैसे पाठवायची गरज नाही. पडद्यावर येईल ते नाव जग वाचतंय असं समजा.

---

ऐरोलीकर_नितीन (बुधवार, दुपारी १२:३५)

बहिणीचं खातं वेगळ्या बँकेत आहे. तिने लगेच बघितलं. पडद्यावर आलं: DYANESHWAR V BHOSLE.

काका, तुम्ही म्हणालात तसंच. पासबुक फक्त आम्हाला खूश करायला छापलं होतं.

---

पगारपत्रक (बुधवार, दुपारी १:००)

हा उपाय मी ऑफिसात लिहून ठेवणार आहे. आमच्याकडे कामगार पासबुकाचा फोटो दाखवतात, आम्ही म्हणतो बरोबर आहे, आणि पोर्टल म्हणतं चूक. गेली दोन वर्षं हेच चाललंय.

नितीनदादा, शाखेत जाताना ताईच्या मोबाइलचा तो स्क्रीनशॉट न्या. "नाव सुधारा" म्हणू नका, ते म्हणतील सुधारलंय. "खात्याचं शीर्षक अजून जुनं आहे" असं म्हणा.

---

रविवारचा_पेपर (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

मला एक शंका. समजा बँकेत फक्त DNYANESHWAR V BHOSALE केलं असतं, म्हणजे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर तसंच ठेवलं असतं, तर चाललं नसतं का? माझं पण सगळीकडे आद्याक्षरच आहे आणि माझा पीएफ गेल्या वर्षी आला.

---

पगारपत्रक (बुधवार, संध्याकाळी ७:०५)

कधी चालतं, कधी नाही. आमच्याकडे एकाच महिन्यात दोन कामगारांचं आद्याक्षर होतं, एकाचं खातं चढलं, दुसऱ्याचं अडलं. बँका वेगवेगळ्या होत्या. माझ्या मते नुसतं आद्याक्षर बहुतेक वेळा सुटतं, आडनावातलं अक्षर सुटत नाही.

---

कोपरीचा_कारकून (बुधवार, रात्री ८:३०)

माझा अनुभव उलटा आहे, आद्याक्षरावरच जास्त अडलेलं पाहिलंय. आडनावातला A कुणी कुणी सोडून देतं. तेव्हा या बाबतीत आम्हा दोघांचंही ऐकू नका. शाखेत जातच आहात तर पूर्ण नाव करून घ्या, पुन्हा खेप नको.

---

ऐरोलीकर_नितीन (शनिवार, दुपारी ३:१५)

शाखेत जाऊन आलो. "शीर्षक" म्हटल्यावर मागच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली. दहा मिनिटांत केलं. बहिणीने बाहेर उभं राहूनच बघितलं, नवीन नाव यायला दोन तास लागले.

पण जाता जाता त्या साहेबांनी एक पिल्लू सोडलं. म्हणाले, "आता तुमचं पॅन जुळत नाही." घरी येऊन आयकर पोर्टल उघडलं. बाबांचा थोडासा रिफंड यायचाय, मुदत ठेवीवर कापलेल्या टीडीएसचा. तिथलं बँक खातं पुन्हा तपासायला टाकलं तर नाव जुळत नाही म्हणून फेल! एक सोडवलं तर दुसरं अडकलं. आधी पॅन आणि बँक दोन्हीत BHOSLE होतं म्हणून तिकडे चालत होतं.

---

वागळे_इस्टेटचा_राजा (शनिवार, दुपारी ३:४०)

बघा, मी आधीच विचारलं होतं पॅनचं काय.

---

कोपरीचा_कारकून (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

राजा, विचारलंत खरं. कारण वेगळं दिलंत, पण प्रश्न बरोबर होता आणि मी तिथे दुर्लक्ष केलं. माझी चूक.

नितीन, पॅन सुधारणं सगळ्यात सोपं आहे. प्रोटियन किंवा यूटीआयआयटीएसएल, दोनपैकी कुठल्याही साइटवर पॅनमधल्या बदलाचा अर्ज असतो. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आधारवरच्या ई-केवायसीचा पर्याय निवडा, नाव आधारमधून जसंच्या तसं येतं, टाइप करताना चूक व्हायला जागाच राहत नाही. कार्ड घरी हवं असेल तर दोन-तीन आठवडे धरा. पॅन नंबर तोच राहतो.

पण एक गोष्ट नीट बघा. तुमच्या बाबांच्या पॅनवर आडनाव आधी छापलंय. याचं मूळ दहावीच्या गुणपत्रिकेत आहे. आपल्या बोर्डाने वर्षानुवर्षं आडनाव आधी छापलं. पॅनच्या फॉर्मवर आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव असे वेगळे रकाने असतात. भरणाऱ्याने गुणपत्रिका समोर ठेवून तिच्यावरचा पहिला शब्द पहिलं नाव आणि शेवटचा शब्द आडनाव धरला की पहिल्या नावाच्या रकान्यात भोसले आणि आडनावाच्या रकान्यात विठोबा. कार्डावर नुसतं बघून हे कळत नाही. आयकर पोर्टलवर बाबांच्या `My Profile` मध्ये जा, तिथे रकाने वेगळे दिसतात.

---

ऐरोलीकर_नितीन (शनिवार, संध्याकाळी ५:४५)

काका!! आडनावाच्या जागी VITHOBA. आजोबा आमचे आडनाव झालेत.

---

कोपरीचा_कारकून (शनिवार, संध्याकाळी ६:००)

मग अर्जात फक्त A वाढवून भागणार नाही, तीनही रकाने दुरुस्त करा. आधारवरून घेतलंत तरी पाठवण्याआधी पडद्यावर रकाने मोजून बघा. आधारवर नाव एका ओळीत असतं, त्याचे तीन तुकडे करताना पुन्हा घोळ होऊ शकतो.

---

रविवारचा_पेपर (शनिवार, रात्री ९:२०)

पण मग पहिल्यांदा पॅन सुधारून मग बँक करायला हवी होती ना? तसं केलं असतं तर मधला खोळंबा झाला नसता.

---

पगारपत्रक (रविवार, सकाळी ८:५०)

पीएफ आधी हवा असेल तर बँक आधी. रिफंड थोडाच आहे, पंधरा दिवस थांबला तर बिघडत नाही.

---

कोपरीचा_कारकून (रविवार, सकाळी ९:३०)

मी असतो तर पॅन आधी केलं असतं, कारण काही शाखा नाव बदलताना पॅनशी जुळत नाही म्हणून फॉर्मच परत करतात. नितीनची शाखा उदार निघाली. पण ताईंचंही खरं आहे, पीएफची रक्कम अडकलेली असताना तीन आठवडे कोण थांबेल. प्रत्येकाने आपापल्या घाईप्रमाणे ठरवावं.

---

मीनल_कळवा (रविवार, दुपारी १२:१०)

इकडे आमचा निकाल लागला. सासूबाई म्हणाल्या, "कागदावर तुला हवं ते ठेव, घरात मी हाक मारीन तीच." आधार माहेरच्या नावावर परत नेतेय. केंद्रावर नावबदलाचे ७५ रुपये सांगितले. काका, ही माझी दुसरी वेळ धरतील ना? पहिली लग्नानंतर केली होती.

---

कोपरीचा_कारकून (रविवार, दुपारी १२:३५)

हो, दुसरी आणि शेवटची. ऑपरेटर टाइप करून झालं की तुमच्याकडची स्क्रीन फिरवून घ्या आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचा. इंग्रजी ओळ आधी. यंत्रं तीच वाचतात. मग मराठी ओळ, कारण ती बिघडलेली राहिली तर तुम्हालाच आयुष्यभर खटकेल. पावतीवरही दोन्ही पुन्हा बघा, सही त्यानंतर. आणि माहेरच्या नावाचे कोणते कागद तिथे चालतील ते आधी विचारून जा, परत मागे न्यायला काही ठिकाणी विवाह दाखलाही मागतात.

---

सुलभा_घणसोली (सोमवार, सकाळी ७:३०)

जावेच्या पोस्टातल्या खात्यातून आता तिला बँकेत वळवायचंय. पुन्हा विचारीन हं काका, एवढ्यात नाही.

---

ऐरोलीकर_नितीन (त्यानंतरचा गुरुवार, रात्री १०:२०)

पीएफ पोर्टलवर खातं मंजूर झालं. फॉर्म १९ भरला, पेन्शनसाठी १०डी पण भरला. १९ `Under Process` दाखवतंय, १०डी मध्ये आईच्या नावाचं काहीतरी विचारतायत, पीएफला ती LAXMI आहे आणि आधारवर LAKSHMI. आई म्हणते, "मला मधे घेऊ नका." पगारपत्रकताई, कुटुंबातल्या माणसाचं नावही जुळावं लागतं का हो, की ते सोडतात?

---

पगारपत्रक (गुरुवार, रात्री १०:४१)

नॉमिनेशनमध्ये तुम्हीच टाकलंय की कंपनीने? ई-नॉमिनेशन असेल तर तुम्ही स्वतः नवीन भरू शकता, आधारचा नंबर घालून. जुनं कागदी असेल तर उद्या सकाळी फोन करा, फॉर्म समोर ठेवून बोलू.